सहकारी अध्ययनाची एक दिवसाची शिक्षक कार्यशाळा

प्रश्न: आमच्या केंद्रातल्या ३२ शिक्षकांसाठी सहकारी अध्ययनावर एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. सत्रं, साहित्य, अभिप्राय फॉर्म कसा ठरवू?

उत्तर:

एका दिवसात एकच पद्धत घ्या आणि ती शिक्षकांना स्वतः विद्यार्थी होऊन अनुभवू द्या. मी जिगसॉ घेतो. एलियट अ‍ॅरन्सन यांनी ती १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती. एकमेकांवाचून धडा पूर्णच होणार नाही, अशी ती रचना होती.

सकाळचे दोन तास यालाच द्या. धडा असा निवडा, की ज्याचे चार भाग सुटे वाचले तरी कळतात. ‘रक्ताचे घटक’ छान बसतो: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका, रक्तद्रव. चौघांचे आठ मूळ गट करा आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळा भाग द्या. पंधरा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वाचायचं. मग एकच भाग मिळालेल्यांनी तज्ज्ञ गटात बसून तो समजावायचा कसा हे पंचवीस मिनिटांत ठरवायचं. एका भागाचे आठ जण होतात, त्यांचे चौघांचे दोन तज्ज्ञ गट करा. आठांत दोघंतिघं गप्पच राहतात. नंतर मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं.

इथेच घसरतं. माझ्या पहिल्या कार्यशाळेत लोकांनी कागद एकमेकांना दिले, उतरवून घेतले आणि शिकवणं राहूनच गेलं. आता मूळ गटात परतण्याआधी मी कागद गोळा करतो. त्यानंतर दहा मिनिटांची चाचणी, चारही भागांवर, प्रत्येकाची स्वतंत्र. स्वतःच्या भागाचे प्रश्न बरोबर आणि बाकीचे चुकलेले दिसले, तर गटात शिकवणं झालेलं नाही असं समजा. उरलेल्या अर्ध्या तासात त्यावरच बोला.

जेवणानंतर एकाच इयत्तेच्या शिक्षकांच्या जोड्या करा. त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका धड्याचे चार भाग आणि चाचणी तयार करायची, दुसऱ्या जोडीला दाखवायची. दोन-अडीच तास लागतातच. अडखळत वाचणाऱ्या मुलाला एकटा भाग न देता जोडीदारासोबत द्यायचा, हेही इथेच ठरवून घ्या. पट चारच्या पटीत नसेल, तर उरलेल्या मुलांसाठीही हाच मार्ग.

साहित्य थोडंच लागतं: चार रंगांच्या कागदांवर प्रत्येक भागाच्या आठ प्रती, चाचणीच्या ३२ प्रती, घंटा, इयत्तानिहाय पाठ्यपुस्तकं आणि हलवता येतील अशा खुर्च्या किंवा सतरंज्या.

अभिप्राय फॉर्मात ‘कार्यशाळा कशी वाटली?’ विचारलं, की सगळे ‘उत्तम’ लिहितात. त्याऐवजी नाव ऐच्छिक ठेवून तीन प्रश्न विचारा. आज कोणत्या वेळी तुम्ही नुसते बसून होता? तुमच्या वर्गात कोणती पायरी अडेल, आणि का? कोणता धडा, कोणत्या तारखेला घेणार? तीन आठवड्यांनी दोन ओळींचा दुसरा फॉर्म पाठवा: घेतला का, आणि नसेल तर कुठे अडलं. पुढच्या शिक्षण परिषदेत काय घ्यायचं, ते मी या दुसऱ्या फॉर्मवरून ठरवतो.