तीनदा आलेला शुक्र आणि सप्तमातला शनी

"ताई, ॲपवर माझा या वर्षीचा व्हीनस रिटर्न चार्ट काढला. त्यात शुक्र आणि शनी सातव्या घरात एकदम चिकटून आहेत, आणि खाली लिहिलंय की जोडीदाराकडून दुरावा, नात्यात गारठा. डिसेंबरात माझं लग्न ठरलंय. मोडणार का ते?"

मे 2025 मध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच तिने मोबाईल माझ्या हातात दिला, स्क्रीनशॉट झूम करून ठेवलेला. वय 32, जन्म नाशिकचा, जानेवारी 1993 चा शेवट, नोकरी पुण्यात. मी पहिल्यांदा विचारलं की हा चार्ट कोणत्या तारखेचा आहे, तर म्हणाली 24 एप्रिल, दुपारी तीनच्या सुमाराचा. म्हटलं बाकीचे दोन कुठायत? तिला माहितीच नव्हतं की आणखी दोन आहेत.

आता हे जरा नीट सांगते. व्हीनस रिटर्न म्हणजे जन्माच्या वेळी शुक्र ज्या अंश-कलेवर होता बरोबर त्याच जागी तो पुन्हा येतो त्या क्षणाची कुंडली. पाश्चात्य, म्हणजे सायन ज्योतिषातली ही पद्धत. आपल्याकडे वर्षफल काढतात ते सूर्यावरून, शुक्रावरून नाही. शुक्र सूर्याला सोडून 47 अंशांपेक्षा लांब जात नाही त्यामुळे हा रिटर्न साधारण वर्षातून एकदाच येतो, पण वाढदिवसासारखा ठरलेल्या दिवशी नाही. हिचा शुक्र सायन मीनेत 27 अंशांच्या आसपास. 2024 मध्ये तिचा रिटर्न एप्रिलच्या सुरुवातीला होता, आणि 2025 मध्ये शुक्र मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत वक्री होता, त्यामुळे तो तिच्या अंशावरून तीनदा गेला, जानेवारीच्या शेवटी सरळ, एप्रिलच्या सुरुवातीला उलटा, आणि 24 एप्रिलला पुन्हा सरळ. ॲपने शेवटचा तेवढा दाखवला.

मी तिन्ही चार्ट काढून समोर ठेवले. काही ज्योतिषी फक्त पहिला धरतात, काही फक्त शेवटचा, मी तिन्ही एका गोष्टीसारखे वाचते. पहिल्यात शुक्राजवळ नेपच्यून, एका अंशावर. हा योग स्वप्नाळूपणाचा, समोरच्याचं नीट न दिसण्याचा धरतात. मधल्यात शुक्र आणि बुध दोघंही वक्री, म्हणजे जुनंच बोलणं परत उकरून निघणं. आणि तिसऱ्यात शनी, एका अंशाच्या आत. शुक्र-शनीचं वाचन दोन्ही बाजूंनी होतं, कुणी गारठा म्हणतं, कुणी म्हणतं की हवेतलं नातं कागदावर येतं, जबाबदारी येते. ॲपने त्यातली फक्त पहिली बाजू उचलली होती.

ती म्हणाली, पण शनी सातव्यातच का? मी म्हटलं, त्या दोनचार दिवसांत ज्या कुणाचा व्हीनस रिटर्न झाला त्या प्रत्येकाच्या चार्टमध्ये शुक्राशेजारी शनी आहेच, त्यात तुझं एकटीचं काही नाही. शुक्राची रास आणि अंश तर रिटर्नमध्ये दरवर्षी तेच असतात, व्याख्याच ती आहे. चार्टमध्ये तुझं म्हणून जे काही आहे ते लग्न. (लग्न म्हणजे पूर्वेला उगवणारी रास बरं का. "माझं लग्नच चुकलंय का?" असं तिने मधेच घाबरून विचारलं आणि आम्ही दोघी हसलो.) लग्नावरून घरं ठरतात, आणि हे लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं.

मग मी विचारलं की 24 एप्रिलला तू कुठे होतीस? ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे दुबईत. ॲपमध्ये जागा पुणे. रिटर्न चार्ट आपण त्या क्षणी जिथे असतो तिथला काढायचा असं बहुतेक जण मानतात. पुण्यात दुपारी तीनला कन्या लग्न 10 अंशांच्या आसपास, म्हणून मीन सातवी. दुबईत त्याच क्षणी अजून सिंहच उगवत होती, 24 अंशांपाशी. म्हणजे शुक्र-शनी सातव्यातून उठून आठव्यात गेले.

तिचा चेहरा आणखी पडला, कारण आठवं घर म्हटलं की आपल्याकडे सगळे मृत्यूच धरतात.

रिटर्नमध्ये आठवं घर आधी दोघांच्या एकत्र पैशाचं, कर्जाचं म्हणून बघतात. पण मी तिला हेही सांगितलं की या दुबईच्या लग्नावरसुद्धा फार भार टाकू नकोस. आईच्या म्हणण्यानुसार तिचा जन्म साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यानचा. त्या दिवशी शुक्र बऱ्या वेगाने चालत होता, 24 एप्रिलला मात्र नुकताच मार्गी होऊन निम्म्याहून कमी वेगाने. त्यामुळे जन्मवेळेतला 15 मिनिटांचा घोळ रिटर्नच्या वेळेत अर्ध्या तासाचा होतो, म्हणजे लग्न सात-आठ अंश इकडचं तिकडे. आणि हाच रिटर्न निरयन, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीने काढला तर अयनांश, म्हणजे सायन-निरयनातला अंशांचा फरक, 32 वर्षांत जवळपास 27 कला वाढल्यामुळे तो क्षण साधारण एक दिवस पुढे जातो, मग लग्न वेगळं, घरं वेगळी. दोन ॲप दोन चार्ट देतात ते बऱ्याचदा यामुळे, त्यामुळे आधी सेटिंगमध्ये सायन आहे की निरयन आणि जागा कुठली ते बघायचं.

एक गोष्ट मी अशा केसमध्ये नेहमी तपासते. शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास त्याच अंशांत वक्री होतो, दोनतीन अंश मागे. म्हणून तिला 2017 चा एप्रिल आठवायला सांगितला. तेव्हाही शुक्र तिच्याच अंशापाशी येऊन थांबला होता, आणि शनी धनूच्या 27 अंशांपाशी, म्हणजे शुक्राशी जवळपास बरोबर 90 अंशांवर, केंद्रयोगात. पुस्तकात हा योग युतीपेक्षा कडक. काय झालं तेव्हा? ती बराच वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, "एमबीए चालू होतं. प्रेमबीम काहीच नव्हतं. मेसचं जेवण वाईट होतं." बस, एवढंच.

शेवटी मी चार्ट बाजूला सरकवले आणि सरळ विचारलं की डिसेंबरचं टेन्शन नक्की कशाचं आहे. ते बाहेर यायला दहा मिनिटं लागली. मुलाने घरासाठी मोठं कर्ज काढलंय, ईएमआय दोघांच्या पगारातून जाणार असं त्याच्या घरी गृहीत धरलेलं, आणि फ्लॅटवर नाव फक्त त्याचं. हिने विचारलं नव्हतं कारण विचारलं तर आपण पैशाला हपापलेले दिसू. आता आठवं घर म्हणजे कर्ज, बघा कसं जुळलं, असं म्हणायचा मोह मलाही झाला, पण पाच मिनिटांपूर्वीच मी तिला सांगितलं होतं की ते लग्न सरकू शकतं. मग कोणत्या तोंडाने म्हणू? कर्जाचं तिनेच सांगितलं, चार्टने नाही. त्याला काय काय विचारायचं ते आम्ही एका कागदावर लिहिलं, नाव, हप्ता, नोकरी गेली तर काय.

उठता उठता तिने मोबाईलमध्ये एक फोटो दाखवला, 25 एप्रिलच्या पहाटेचा, दुबईच्या गच्चीवरून काढलेला. शुक्र, शनी आणि चंद्रकोर मिळून आकाशात हसरा चेहरा दिसणार म्हणून फॉरवर्ड फिरत होते ना, तोच. तिने तो होणाऱ्या नवऱ्यालाही पाठवला होता, बदाम लावून. म्हटलं, अगं हेच ते दोघं, तुझ्या स्क्रीनशॉटमधले.

"पुढचा रिटर्न कधी?"

"मार्च 2026, तीन-चार तारखेच्या आसपास. एकदाच, सरळ चालीत."

"आणि शनी?"

"शेजारच्या राशीत. पाचेक अंशांवर."

"परत?" म्हणाली, आणि चपला घालायला गेली.