आधी कव्हर, मग राणी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि कॅरम बोर्डाचा फोटो, दोन्ही मिळालं. "काका, राणी कुठल्या बाजूने घ्यायला हवी होती?" असं तू विचारलंस. फोटोत राणी इतकी उघडी आहे की ती कुठूनही गेली असती, आणि गेलीच. अडचण त्यानंतर आली. राणीपाठोपाठ कव्हर म्हणून घ्यायला आपली सोंगटी नव्हती, राणी परत मधल्या गोलात आली आणि समोरच्याने ती आरामात घेतली. म्हणून फोटोतली राणी क्षणभर बाजूला ठेव. काळाचौकीच्या नानांनी एकदा जवळपास अशाच बोर्डावर काय केलं ते आधी वाच.

नानांचं किराणा दुकान चाळीच्या तळमजल्यावर, आणि त्याच्या समोरच मंडळाची खोली. बोर्डावर लोंबता पिवळा दिवा, पावसाळ्याचे दिवस, पावडर कितीही टाकली तरी बोर्ड जड. दोन पोरं खेळत होती. एक 21 वर, दुसरा 23 वर, गेम 25 चा. बोर्डावर तीनच सोंगट्या उरलेल्या: एक पांढरी, एक काळी आणि राणी. पांढरीवाला 21 वर होता. एवढ्यात चाळीत पाणी आलं, घरून हाक आली, आणि तो उठता उठता म्हणाला, "नाना, माझा हात तुम्ही खेळा." समोरच्याने मान डोलावली. तसाही डाव अडकलेलाच होता. दोघंही स्ट्रायकर हळूच ढकलून आपली पाळी घालवत होते.

का अडकला होता, ते नीट समजून घे. समोरच्या फ्रेमला पांढरी आणि काळी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, मध्यापासून चार बोटं उजवीकडे. डावीकडे पांढरी, उजवीकडे काळी. पांढरी फ्रेमच्या कडेने डाव्या पॉकेटात न्यायची तर तिला उजव्या अंगाने मारायला हवं, आणि तिथे काळी बसलेली. काळी उजवीकडे न्यायची तर तिच्या डाव्या अंगाला पांढरी. म्हणजे दोघांचंही कव्हर दुसऱ्याच्या सोंगटीने धरून ठेवलेलं. राणी मात्र उजव्या वरच्या पॉकेटाकडे जाणाऱ्या बाणाच्या रेषेवर, पॉकेटपासून वीतभर अंतरावर, अगदी मोकळी. ती घ्यायला दोघांचेही हात शिवशिवत होते. पण घेऊन करणार काय?

आणखी एक वाट दिसत होती: दोन सोंगट्यांच्या बरोबर मधल्या खाचेत स्ट्रायकर घालायचा. मग पांढरी डावीकडे सुटते आणि काळी उजवीकडे. हा फटका राणीच्या आधी मारला तर जोडी तू फोडतोस आणि पाळी मात्र जाते. समोरच्याला मोकळी राणी आणि मोकळी काळी, दोन्ही आयत्या मिळतात. राणी घेतल्यावर मारला तर काळी उजव्या पॉकेटात जाण्याची भीती. राणी कव्हर व्हायच्या आत समोरच्याची शेवटची सोंगटी आपल्या हातून गेली, तर बोर्ड हातचा गेलाच. म्हणून कोणी त्या जोडीला हात लावत नव्हतं.

नाना लगेच बसले नाहीत. दुकानात कोणाला तरी पाव किलो साखर हवी होती, ती बांधून दिली, मग आले. आधी त्या फ्रेमच्या बाजूला जाऊन वाकले आणि डोळा सोंगट्यांच्या उंचीला आणून पाहिलं, दोघींच्या मधून दिव्याचा उजेड येतो का. नाही आला. मग पांढरी आणि फ्रेम यांच्यात फट आहे का ते पाहिलं. तीही नव्हती. हे पाहणं म्हणजे निव्वळ सोपस्कार नव्हे. सोंगटी फ्रेमला खरोखर चिकटलेली असेल तर धक्का बसल्यावर ती फ्रेमच्या कडेने सरळ धावते. केसाएवढी फट असली तरी आधी फ्रेमवर आपटते आणि बोर्डाच्या मध्याकडे तिरकी निघते. वरून, उभ्याने पाहणाऱ्याला या दोन सोंगट्या अगदी सारख्याच दिसतात.

मग ते आपल्या जागेवर येऊन बसले. राणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, नजर जोडीवर. कोणीतरी म्हणालं, "नाना, राणी घ्या की!" त्यावर ते एवढंच बोलले, "राणी उधारीवर मिळते रे. रोकड कुठाय ते बघतोय." नानांच्या तोंडी दुकानाची भाषा शोभायची.

आता फटका. ही राणी घेण्याच्या दोन जागा होत्या. डाव्या टोकाच्या गोलावर स्ट्रायकर ठेवला तर तो, राणी आणि पॉकेट जवळजवळ एका रेषेत येतात. सरळ फटका, लहान मुलानेही घ्यावी अशी राणी. पण मग स्ट्रायकर राणीच्या मागोमाग त्याच कोपऱ्याकडे जातो. नशीब वाईट असेल तर पॉकेटात पडून ड्यूही, म्हणजे दंडाची सोंगटीही, देऊन जातो, आणि जोडी आहे तिथेच राहते. तू नेमकं हेच केलंस. तुझ्या निरोपावरूनच ओळखलं.

नानांनी स्ट्रायकर उजव्या टोकाच्या गोलावर ठेवला, गोल पूर्ण झाकून. तिथून राणी सरळ जात नाही, तिची डावी कड कापावी लागते. कट चांगलाच बारीक, म्हणून कठीण. पण बारीक कटात एक गोष्ट आपल्या बाजूची असते. राणीला लागूनही स्ट्रायकर आपला बराचसा जोर राखतो, कारण तो 15 ग्रॅमपर्यंतचा आणि राणी जेमतेम साडेपाच ग्रॅमची. राणी उजवीकडे जाते आणि स्ट्रायकर डावीकडे झुकत वरच्या फ्रेमकडे निघतो. तिथे त्याला आधी भेटते ती काळी, आणि तीही उजव्या अंगाने, तिरकी.

काळी पांढरीला टेकलेली आहे. काळीला उजवीकडून बसलेला धक्का ती स्वतःकडे फारसा ठेवत नाही, पुढच्या सोंगटीला देऊन टाकते. त्यामुळे काळी जवळजवळ जागेवरच राहते आणि पांढरी सुटते. झालंही तसंच. राणी पॉकेटात पडल्याचा आवाज झाला आणि त्याच्या पाठोपाठ समोर टक्क झालं. पांढरी फ्रेमला घासत डावीकडे सरकली आणि डाव्या पॉकेटपासून वीतभर अलीकडे थांबली. बोर्ड कोरडा असता तर कदाचित त्याच फटक्यात आत गेली असती, आणि राणी व आपली सोंगटी एकाच फटक्यात गेली तरी कव्हर धरतात. पण तो दिवस जड बोर्डाचा होता.

नानांचा हिशेब मला यापुढे जास्त आवडतो. समज, कव्हर चुकलं असतं, तर राणी मध्यावर आली असती आणि समोरच्याची पाळी. पण त्याची काळी अजून त्याच्याच फ्रेमला, त्याच्या बेसलाइनच्या मागे, पोटाशी चिकटलेली. राणी घेऊनही त्याला कव्हर सहज मिळणार नव्हतं. म्हणजे जोडी फुटली, पण फायद्याची बाजू नानांकडेच राहिली. खाचेतल्या फटक्यात काळी सुटली असती, इथे ती अडकलेलीच राहिली.

कव्हर मग साधं होतं. आता पांढरीचं उजवं अंग मोकळं होतं. नानांनी बेसलाइनच्या उजव्या बाजूने स्ट्रायकर असा सोडला की तो फ्रेम आणि पांढरी, दोघांना जवळजवळ एकाच वेळी लागावा. पांढरी फ्रेम न सोडता पॉकेटात गेली. समोरच्याची एक सोंगटी उरलेली म्हणून 1, राणीचे 3. 21 चे 25 झाले. गुणसंख्या 21 च्या पुढे गेली की राणीचे 3 मिळत नाहीत, त्यामुळे 23 वाल्याने हाच बोर्ड जिंकला असता तरी त्याला एकच गुण मिळाला असता. त्याला घाई नव्हती, ती पांढरीवाल्याला असायला हवी होती. पाणी भरून तो पोरगा परत आला तेव्हा बोर्डावर एकटी काळी होती.

आता तुझ्याबद्दल. असा बोर्ड मांडून खेळायला घे: जोडी समोरच्या फ्रेमला, राणी उजव्या बाणावर. फटका उजव्या गोलावरूनच. राणी जाते की नाही याचं पहिले काही दिवस फार मनावर घेऊ नकोस. प्रत्येक फटक्यानंतर काळी कुठे आहे ते बघ. काळी फ्रेम सोडून मध्याकडे आली असेल, तर स्ट्रायकर तिला खालून, समोरासमोर लागला. म्हणजे तो हवा त्यापेक्षा डावीकडे गेला, जोडी थोडी डावीकडे सरकवून बघ. जोडी हललीच नसेल, तर स्ट्रायकर काळीच्या उजवीकडून जाऊन फ्रेमवर आपटला. जागेवर राहून पांढरीला सोडते, ती काळी बरोबर लागलेली.

यालाही मर्यादा आहे. राणी बाणाच्या रेषेवरून दोन बोटं इकडे तिकडे असली की स्ट्रायकरची पुढची वाट बदलते, आणि जोडी मध्याच्या डावीकडे असेल तर उजव्या गोलावरून तो तिथवर पोचतच नाही. तेव्हा हा फटका विसरायचा आणि पाळी घालवायची. तीही अशी की स्ट्रायकर जोडीला धक्का देणार नाही. जोरही बेताचाच ठेव. जोरात मारलंस तर पांढरी डाव्या पॉकेटच्या कडेवर आपटून आल्या वाटेने परत येते, आणि मग कव्हर पुन्हा लांब जातं.

कव्हरचा फ्रेमवरचा फटका मात्र वेगळा घोटावा लागेल. तुझं कोपर मारताना बाणाच्या रेषेपलीकडे जातं, ते आधी सुधारायला हवं. रविवारी सकाळी ये, स्ट्रायकर तुझा स्वतःचा आण.

तुझा,
काका