मागील समायोजनाच्या तक्त्यात बेरीज शून्य येते, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न: अ, ब आणि क ३:२:१ या प्रमाणात नफा वाटून घेतात. ३१ मार्च २०२४ रोजी नफा आणि उचल धरून त्यांची भांडवलं ३,३०,०००, २,२०,००० आणि २,५०,००० रुपये आहेत. वर्षाचा नफा १,२०,००० वाटून झालाय, उचल ३०,०००, २०,००० आणि २०,००० आहे. करारात असूनही भांडवलावर आणि उचलीवर द.सा. ६% व्याज धरायचं राहिलं. मी तक्ता केला, बेरीज शून्य येते, क ला ६,७५० जमा होतात. पुस्तकाच्या मागे ७,२५० दिलेत. माझं चुकतंय कुठे?

उत्तर: तुम्ही ६% व्याज अखेरच्या भांडवलावर काढलंय. मधे कुणी भांडवल आणलेलं नसलं, की व्याज लागतं ते आरंभीच्या भांडवलावर, म्हणजे १ एप्रिल २०२३ ला खात्यात जे होतं त्यावर. अखेरच्या आकड्यात वर्षाचा नफा मिसळलाय आणि उचल वजा झालीय. म्हणून आधी मागे जायचं: उचल परत मिळवायची आणि जमा झालेला नफा वजा करायचा.

नफ्याचे वाटे ६०,०००, ४०,००० आणि २०,००० होते. अ चं आरंभीचं भांडवल ३,३०,००० + ३०,००० − ६०,००० = ३,००,०००. ब चं तसंच २,००,०००. क ची उचल आणि नफ्याचा वाटा दोन्ही २०,००० असल्यामुळे त्याचं आरंभीचं आणि अखेरचं भांडवल एकच, २,५०,०००. वर्षात कुणी जादा भांडवल आणलं असतं, तर तेही इथे वजा करावं लागलं असतं आणि त्यावरचं व्याज आणल्याच्या तारखेपासून वेगळं काढावं लागलं असतं.

आता भांडवलावरचं व्याज अ १८,०००, ब १२,०००, क १५,०००, एकूण ४५,०००. उचलीच्या तारखा दिलेल्या नाहीत, म्हणून सरासरी सहा महिने धरायचे: अ ९००, ब ६००, क ६००, एकूण २,१००. भांडवलावरचं व्याज भागीदारांना द्यायचंय, उचलीवरचं त्यांच्याकडून घ्यायचंय. म्हणजे भागीदारांना निव्वळ ४२,९०० द्यायचे राहिले.

ही रक्कम आणायची कुठून? नफा तर सगळा वाटून झालाय. म्हणून जितकं द्यायचं राहिलं तितकाच नफा जादा वाटला गेला, असं समजून तो ३:२:१ मध्ये परत घ्यायचा: २१,४५०, १४,३०० आणि ७,१५०. संपूर्ण तक्ता असा होतो (रुपयांत):

| तपशील | अ | ब | क | एकूण |
|---|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज (जमा) | १८,००० | १२,००० | १५,००० | ४५,००० |
| उचलीवरील व्याज (नावे) | ९०० | ६०० | ६०० | २,१०० |
| जादा वाटलेला नफा परत (नावे) | २१,४५० | १४,३०० | ७,१५० | ४२,९०० |
| निव्वळ परिणाम | ४,३५० नावे | २,९०० नावे | ७,२५० जमा | ० |

बेरीज शून्य आल्यामुळे तुम्ही निर्धास्त झालात, ते साहजिक आहे. पण ही बेरीज काहीच सिद्ध करत नाही. आपण जी एकूण रक्कम देतो, तीच नफ्याच्या प्रमाणात परत घेतो. त्यामुळे व्याजाचा आकडा बरोबर असो वा चूक, शेवटचा रकाना शून्यच येणार. तुमच्या तक्त्यात अ चं भांडवल ३०,००० ने आणि ब चं २०,००० ने जास्त धरलं गेलं, म्हणजे अ ला १,८०० आणि ब ला १,२०० जादा व्याज गेलं. ते ३,००० तिघांकडून परत घेताना एक षष्ठांश, म्हणजे ५०० रुपये, क च्या माथी पडले. तुमचं उत्तर नेमकं तेवढ्यानेच कमी आहे.

त्यामुळे व्याज काढायच्या आधीच पडताळा घ्या. काढलेलं आरंभीचं भांडवल अधिक नफ्याचा वाटा वजा उचल, हे दिलेल्या अखेरच्या शिलकेशी जुळलं पाहिजे. तक्ता झाल्यावर दिशाही पाहा. क ने एकूण ७,५०,००० पैकी एक तृतीयांश भांडवल घातलंय आणि त्याला नफ्यात वाटा फक्त एक षष्ठांश मिळतो. भांडवलावर व्याज मिळू लागलं की फायदा त्याचाच व्हायला हवा. तो नावे बाजूला आला, तर नावे-जमा उलटी झाली असं समजा.

निव्वळ आकडे बरोबर आहेत का, हे पाहायचं असेल तर नफा नव्याने वाटून बघा. १,२०,००० मध्ये उचलीवरचं व्याज २,१०० मिळवून भांडवलावरचं ४५,००० वजा केलं की ७७,१०० उरतात. क चा वाटा १२,८५०. त्यात १५,००० मिळवून ६०० वजा केले की २७,२५० होतात. त्याला मिळाले होते २०,०००, म्हणून ७,२५० द्यायचे राहिले. हे मी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम एका भागीदारापुरतं तरी करून घेतो, कारण तक्त्यात नेमकं काय घडतंय ते इथे डोळ्यांना दिसतं.

नोंद एकच, आणि ती चूक सापडेल त्या तारखेला चालू वर्षाच्या रोजकीर्दीत करायची. मागच्या वर्षाची पुस्तकं पुन्हा उघडायची नाहीत.

अ चे भांडवल खाते … नावे ४,३५०
ब चे भांडवल खाते … नावे २,९००
  क च्या भांडवल खात्याला … ७,२५०
(२०२३-२४ मध्ये भांडवलावरील व उचलीवरील व्याज धरायचे राहिल्याने केलेले समायोजन)

करारात भांडवलं स्थिर ठेवायची असं असेल, तर हीच नोंद चालू खात्यांतून जाते. तिथे नफा आणि उचल भांडवल खात्यात येतच नाहीत, म्हणून मधे भांडवल आणलं किंवा काढलं नसेल तर अखेरची शिल्लक हीच आरंभीची शिल्लक असते आणि मागे जाण्याची गरज उरत नाही. गणित वाचताना ‘स्थिर’ हा शब्द आधी शोधा.

एका नोंदीत भागतं, कारण राहिलेल्या बाबी फक्त भागीदारांमधल्या वाटपाच्या आहेत. संस्थेचा एकूण नफा तोच राहतो. द्यायचं राहिलेलं दुकानभाडं धरलं नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे नफाच कमी होतो आणि घरमालकाचं देणं पुस्तकात येतं, त्यामुळे भांडवल खात्यांची आपसातली नोंद पुरत नाही. भांडवल खाती नफ्याच्या प्रमाणात नावे होतात आणि देय भाडं जमा होतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम १३ नुसार करारात नसेल तर भांडवलावर व्याज मिळत नाही, आणि असेल तेव्हाही ते फक्त नफ्यातूनच द्यायचं असतं. तुमच्या गणितात नफा १,२०,००० आहे, त्यामुळे ४५,००० आरामात बसतात. तसंच चूक दोन-तीन वर्षांची असेल आणि मधे नफ्याचं प्रमाण बदललं असेल, तर प्रत्येक वर्षाचा तक्ता त्या वर्षाच्या प्रमाणाने वेगळा करा आणि शेवटी फक्त निव्वळ आकडे एकत्र करा. सगळ्या वर्षांची रक्कम आजच्या प्रमाणात परत घेतली तरी बेरीज शून्यच येईल, पण उत्तर चुकलेलं असेल.