रवा जाड होतो, पण कुणी कुणाला गिळत नाही

*धातुशास्त्रावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. 'कोर्सनिंग ऑफ प्रेसिपिटेट्स'ला 'अवक्षेपांचे स्थूलीकरण' लिहिलं आणि पुढे 'मोठे कण लहान कणांना गिळंकृत करून वाढतात' असं वाक्य केलं. घरात सुचवणी आली की 'भरडीकरण' म्हण. कुठला शब्द बरोबर? आणि 'ऑस्टवाल्ड रायपनिंग'मधलं रायपनिंग म्हणजे पिकणंच का?*

'भरडीकरण' आधी बाजूला ठेवू या. भरड म्हणजे जाडसर हे खरं, पण ती येते जात्यातून. भरडताना दाणा फुटतो, अख्ख्याचे तुकडे होतात. तुमच्या लेखातले अवक्षेप, म्हणजे धातूत विरघळलेल्या द्रव्यातून बाहेर पडलेले बारीक कण, उलट सरासरीने मोठे होत जातात, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचं जातं फिरायला लागेल.

'स्थूलीकरण' चूक नाही. माझी तक्रार एवढीच की स्थूल होतो तो एकटा कण किंवा एकटा माणूस. मूळ शब्द मात्र एका कणाविषयी बोलतच नाही. त्या प्रक्रियेत बहुसंख्य कण बारीक होत होत नाहीसे होतात, आणि तरीही तिला कोर्सनिंग म्हणतात, कारण उरलेल्यांची सरासरी वाढते. म्हणजे हा गुण जमावाचा आहे. आपल्याकडे असा जमावाचा शब्द वाण्याच्या दुकानात पडलेला आहे: रवा. बारीक रवा, जाड रवा. व्याकरणात एकवचनी, पण सांगतो ते लाखो कणांच्या सरासरीबद्दल. 'अवक्षेपाचा रवा जाड होतो' म्हटलं की अर्थ अचूक बसतो. शीर्षकात भारदस्त शब्द हवाच असेल तर 'स्थूलीकरण' ठेवा, पण खाली एकदा रवा येऊ द्या.

(कुणी 'साका' सुचवलं तर या लेखापुरतं नको म्हणा. परीक्षानळीतल्या अवक्षेपाला साका हा शब्द मला फार आवडतो, पण साका तळाशी बसतो. घन धातूच्या पोटात तयार झालेले कण जिथल्या तिथे अडकलेले असतात, बसायला तळच नसतो.)

रव्याचं नाव निघालं की रवाळ तूप आठवणार, तेव्हा एक फरक इथेच सांगते. तूप सावकाश निवलं की थोडे रवे धरतात आणि ते पातळ तुपातून माल घेत मोठे होतात. ती साधी वाढ आहे. बाहेर माल शिल्लक आहे तोवर सगळेच रवे वाढतात, कुणाचं काही जात नाही. रवा जाड होण्याची तुमची गोष्ट सुरू होते ती बाहेरचा माल जवळजवळ संपल्यावर. आता एकाची वाढ व्हायची तर दुसऱ्याचं काहीतरी सुटलं पाहिजे. ओळखायची खूण सरळ आहे. अवक्षेपाचं एकूण घनफळ वाढत असेल तर अजून वाढच चालू आहे. घनफळ तेवढंच राहून कणांची संख्या घटत असेल तर रवा जाड होतो आहे.

आता 'गिळंकृत'कडे येते, कारण खरी अडचण त्या शब्दात आहे. मोठा मासा छोट्याला खातो ही उपमा याबाबतीत इंग्रजीतही सर्रास देतात, आणि ती फसवी आहे. इथे दोन कण एकमेकांना शिवतही नाहीत.

ॲल्युमिनियममध्ये सुमारे 4 टक्के तांबं घातलेला मिश्रधातू घ्या. तो 500 अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की तांबं ॲल्युमिनियममध्ये विरघळतं. पटकन पाण्यात विझवला की ते आतच कोंडून राहतं. मग तो 190-200 अंशांवर काही तास ठेवला की कोंडलेलं तांबं ॲल्युमिनियमला धरून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतं. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, ती सरक या कणांना अडते, म्हणून धातू कणखर होतो. तसाच आणखी बराच वेळ ठेवला तर तो पुन्हा मऊ पडू लागतो. कण कमी आणि मोठे झालेले असतात, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा रुंदावतात आणि सरकणाऱ्या थरांना त्यातून वाट मिळते. या विशिष्ट मिश्रधातूत कणांची जातही टप्प्याटप्प्याने बदलत जाते, त्यामुळे मऊपणाचं सगळं खापर रवा जाड होण्यावर फोडता येत नाही, पण मोठा वाटा त्याचा असतो.

कण मोठे का होतात? कणाच्या पृष्ठभागावरच्या अणूंना एका बाजूला आपले लोक नसतात. म्हणून पृष्ठभाग ठेवण्याची किंमत पडते, तीच पृष्ठऊर्जा. हजार सारखे छोटे गोळे वितळवून एक गोळा केला तर त्याची त्रिज्या दहापट होईल, पण एकूण पृष्ठभाग आधीच्या एक दशांशच राहील. माल तेवढाच आणि खर्च दहावा हिस्सा. इथवर बहुतेक लेख येतात आणि थांबतात. पण यातून फक्त दिशा कळते. छोट्या कणाला एकूण खर्चाचा हिशेब थोडाच कळतो! त्याच्या पातळीवर काय घडतं ते सांगायला हवं.

घडतं ते असं. गोळ्यावर एक अणू चढवला की गोळ्याचं घनफळ वाढतं आणि त्याबरोबर पृष्ठभागही थोडा वाढतो. छोट्या, जास्त बाक असलेल्या गोळ्यावर तेवढ्याच भरीसाठी पृष्ठभाग जास्त वाढतो. त्रिज्या निम्मी तर दर अणूमागचा हा भुर्दंड दुप्पट. म्हणून छोट्या कणावरचा अणू सुटून जायला अधिक उतावीळ असतो. रसायनाच्या भाषेत, छोट्या कणाची द्राव्यता जास्त असते:

c = c₀ × e^(λ/r)

यात c₀ ही सपाट पृष्ठभागाजवळची द्राव्यता, r कणाची त्रिज्या आणि λ ही एक लांबी. पृष्ठऊर्जा जितकी जास्त तितकी λ मोठी. चौरस मीटरला 0.2 ज्यूल पृष्ठऊर्जा, मोलला 10 घन सेंटिमीटर घनफळ आणि 200 अंश तापमान असे ढोबळ आकडे धरले तर λ जवळपास 1 नॅनोमीटर येते. (खरे कण पुष्कळदा चकत्यांसारखे असतात, आपण गोळे मानू.) मग 5 नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाशेजारी तांब्याचं प्रमाण सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत 22 टक्क्यांनी जास्त, 50 नॅनोमीटरच्या शेजारी केवळ 2 टक्क्यांनी. दोघांच्या मधल्या ॲल्युमिनियममध्ये असा उतार तयार झाला की तांबं दाटीकडून विरळाकडे पसरत जातं. छोट्याशेजारचं प्रमाण घटलं म्हणून तो आणखी विरघळतो, मोठ्याशेजारचं वाढलं म्हणून ते त्याच्यावर चढून बसतं. यात कुणी कुणावर झडप घातलेली नाही. मोठ्याला छोटा कुठे आहे हे ठाऊकही नसतं.

प्रत्यक्षात कण दोन नसतात, असंख्य असतात, आणि मधल्या धातूतलं तांब्याचं प्रमाण साधारण सरासरी कणाला मानवेल असं ठरतं. सरासरी त्रिज्या 10 नॅनोमीटर असेल तर बाहेर 10-11 टक्के जास्त तांबं. 7 नॅनोमीटरच्या कणाला टिकायला 15 टक्के लागतात, तो विरघळतो. 14 नॅनोमीटरच्या कणाचं 7 टक्क्यांत भागतं, तो वाढतो. गंमत पुढे आहे. काही काळाने सरासरी 20 वर गेली की बाहेरचं प्रमाण 5 टक्क्यांवर उतरतं. आपला 14 चा कण तोवर वाढून 16 झाला असेल, पण त्याला आता साडेसहा टक्के लागतात. म्हणजे काल वाढणारा आज विरघळायला लागतो, तोही स्वतः लहान न होता. 'लहान' आणि 'मोठे' ही इथे मापं नाहीत, सरासरीशी असलेली नाती आहेत. तुमच्या वाक्यात हे आलं तर फार बरं.

याचं गणित लिफ्शिट्झ आणि स्ल्योझोव्ह या सोव्हिएत जोडीने आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे कार्ल वाग्नर यांनी बसवलं. 1961 मध्ये दोन्ही कामं इंग्रजी-जर्मन वाचकांसमोर होती. त्यांचा निष्कर्ष असा की सरासरी त्रिज्येचा घन वेळेच्या प्रमाणात वाढतो. दहा तासांनी सरासरी 10 नॅनोमीटर असेल (सुरुवातीचा आकार नगण्य धरून), तर 20 व्हायला 80 तास आणि 40 व्हायला 640 तास, म्हणजे जवळजवळ सत्तावीस दिवस. हे कण अगदी दूरदूर आहेत असं मानून मांडलेलं आहे. दाटी असली की वेग वाढतो आणि आकारांतली तफावतही सिद्धांतापेक्षा जास्त दिसते, घनाचा नियम मात्र बहुधा टिकतो.

राहिलं रायपनिंग. बारीक कण विरघळून मोठे वाढण्याच्या या प्रक्रियेलाच ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी 1900 मध्ये पाऱ्याच्या पिवळ्या आणि लाल ऑक्साइडवर लिहिलं. ते दोन वेगळे पदार्थ मानले जात. ऑस्टवाल्ड म्हणाले की पदार्थ एकच, पिवळ्याचा रवा बारीक, आणि म्हणूनच तो जास्त विरघळतो. त्याआधीच, 1878 मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स बेनेट यांना दिसलं होतं की छायाचित्राच्या काचेवर लावायचं जिलेटिन-सिल्व्हर ब्रोमाइडचं मिश्रण काही दिवस ऊबेत ठेवलं की ते प्रकाशाला कितीतरी तत्पर होतं. त्या धंद्यात या उबवण्याला रायपनिंगच म्हणत.

पण मराठीत 'पिकणे' नको. फळ पिकतं, केस पिकतात, गळूही पिकतं. त्यात कुणी विरघळून दुसऱ्याच्या कामी येत नाही. माझं मत 'मुरणे'ला. लोणचं मुरतं म्हणजे वेळ जाऊन आतल्या आत बदलतं. पाणी जमिनीत मुरतं म्हणजे झिरपून दिसेनासं होतं. बारीक कण धातूत मुरतात आणि त्यातून सगळा धातू मुरतो, असे दोन्ही अर्थ एका क्रियापदात मिळतात. आमच्या प्रयोगशाळेत बेरियम सल्फेटचा दुधी साका गाळणकागदातून आरपार जायचा. 'वॉटर बाथवर ठेव, उद्या गाळ' असं सांगितलं जाई, आणि दुसऱ्या दिवशी तोच साका मुकाट्याने कागदावर राहायचा. (तिथे कण एकमेकांना चिकटतातही, सगळं श्रेय ऑस्टवाल्डना नाही.) त्याला आम्ही मुरवणंच म्हणायचो. धातू असा उष्णतेत ठेवण्याला 'एजिंग' म्हणतात, त्यालाही हाच शब्द चालेल, आणि जास्त वेळ ठेवून मऊ पडला तर 'अति मुरला'. लोणच्याची फोड लिबलिबीत झाली की म्हणतो तसं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं केलं असतं: 'धातू उष्णतेत मुरत राहिला की अवक्षेपाचा रवा जाड होतो: सरासरीपेक्षा बारीक कणांची द्राव्यता जास्त असल्याने ते विरघळतात, त्यांतलं तांबं धातूतून पसरत जातं आणि सरासरीपेक्षा मोठ्या कणांवर बसतं.' लांबलं खरं, पण 'गिळंकृत' गेलं.