मधात चमचा सोडण्याआधी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

पहिल्या वर्षाच्या मुलांना श्यानता शिकवायला मध, पाणी आणि स्टीलचा चमचा घेऊन जाणार आहेस, हे वाचून आनंद झाला. बरण्या उंच आणि सारख्या रुंदीच्या घे. मध साखर धरलेला नको. चमचा आधी पूर्ण बुडव आणि मग सोड, वरून टाकलास तर तो सोबत हवा ओढून नेतो.

मधात चमचा रेंगाळला की कुणीतरी हमखास म्हणेल, "मध जड असतो ना, सर!" इथे घाई करू नकोस, फळ्यावर हिशेब मांड. स्टीलची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, मधाची १.४ पट. म्हणजे पाणी चमच्याच्या वजनापैकी १३ टक्के पेलतं, मध १८ टक्के. खाली नेणारं बल एकीकडे ८७ टक्के उरलं, दुसरीकडे ८२. एवढ्याने चमचा इतका मंदावेल का, हे मुलांनाच विचार. तरी कुणी अडलाच, तर एरंडेल तेलाची बाटली जवळ ठेव. ते पाण्यावर तरंगतं, पण चमच्याला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त अडवतं.

मग खरं कारण सांग. चमच्याला चिकटलेला मध त्याच्याबरोबरच खाली जातो, बरणीच्या काचेला लागलेला जागचा हलत नाही. मधले थर एकमेकांवरून घसरतात आणि त्या घसरण्याला जो विरोध होतो, तीच श्यानता. बरणीवर पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा कर. मधात मधल्या खुणांमधलं प्रत्येक अंतर कापायला जवळपास सारखाच वेळ लागतो, कारण विरोध आणि उरलेलं वजन लवकरच समसमान होतात आणि वेग वाढायचा थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा, पाण्यात चमचा पाव सेकंदात तळाला गेला आणि मधात बारा सेकंद लागले. मुलं भागाकार करून मोकळी होतील: मध ४८ पट श्यान! प्रत्यक्षात मधाची श्यानता पाण्याच्या हजारो पट असते. हा भागाकार का फसतो, ते नीट उलगडून सांग. पाण्यात चमच्याला थरांचं घर्षण फारसं अडवतच नाही. तिथे समोरचं पाणी बाजूला सारायला जोर लागतो, आणि तो पाण्याच्या घनतेवर ठरतो. पाण्याची श्यानता दुप्पट केली, तरी चमच्याचा वेळ जेमतेम बदलेल.

म्हणून चमचा फक्त दाखवण्यापुरता. आकडा काढायचा असेल तर मधात बेअरिंगचा बारीक छर्रा सोड आणि स्टोक्सचा नियम लाव. छर्ऱ्याच्या मानाने बरणी बरीच रुंद हवी, नाहीतर काचेजवळचा स्थिर मध त्याला आणखी मंदावतो. शिवाय मधाचं तापमान नोंदव, कोमट झाला की तो झपाट्याने पातळ होतो. पाण्यासाठी मात्र छर्राही चालणार नाही, तो त्यात फारच वेगाने पडतो. पाण्याला केशनळीतून वाहू दे आणि ठरावीक वेळात किती पाणी बाहेर पडलं, ते मोज.

तुझा,
एक जुना शिक्षक