प्रायोजित लेखाचा अहवाल: क्लिक ९ असताना वाचनवेळ आणि स्क्रोल यांवरून काय ठरवता येते?

प्रश्न: आमच्या ठिबक सिंचनाच्या व्यवसायासाठी एका मराठी वृत्तसंकेतस्थळावर प्रायोजित लेख दिला होता. अहवालात ४,२०० पेज व्ह्यू, सरासरी वाचनवेळ १ मिनिट २१ सेकंद आणि स्क्रोल ७२ टक्के असे आहे. आमच्या संकेतस्थळावर आलेले क्लिक मात्र फक्त ९. लेख चालला की पडला, हे कसे ठरवायचे?

उत्तर: प्रायोजित लेखांचे असे अहवाल तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि तुमच्या हातातल्या तीन आकड्यांवरून लेख चालला असेही म्हणता येत नाही आणि पडला असेही म्हणता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ज्या नोंदींतून हे आकडे काढले आहेत त्यांत उत्तर असते आणि ती नोंद मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आधी क्लिकचे पाहू. हाच लेख तशाच वाचकांपुढे पुन्हा पुन्हा ठेवला, तर केवळ योगायोगाने कधी ५ तर कधी १४ क्लिक येतील. ९ या संख्येमागचा खरा दर साधारण ४ ते १७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे मागच्या लेखाला १३ क्लिक होते आणि या वेळी ९ आले, म्हणून हा लेख कमी पडला, असा निष्कर्ष काढू नका. आणि उलट बाजूने कोणी काढून दाखवला, तर तोही मान्य करू नका.

आता सरासरी वाचनवेळ. ही कशी मोजली, हे लेखी विचारा. गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत पान पडद्यावर समोर असते तेवढाच वेळ धरला जातो. चार्टबीटसारखी साधने त्याहून कडक असतात. वाचकाने नुकतीच काही हालचाल केली असेल, तरच ती सेकंद मोजतात. पण पद्धतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भागाकार कशाने केला. समजा, तुमचे ४,२०० व्ह्यू असे विभागलेले आहेत: १० सेकंदांच्या आत निघून गेलेले २,३१०, १० सेकंद ते १ मिनिट थांबलेले १,०५०, १ ते ३ मिनिटे थांबलेले ६१० आणि त्याहून जास्त वेळ थांबलेले २३०. या गटांची सरासरी अनुक्रमे ४, ३०, ११० आणि २४० सेकंद धरली, तर सर्वांची मिळून सरासरी येते ३९ सेकंद. १० सेकंदांच्या आत गेलेल्यांना वगळले, की तीच सरासरी ८१ सेकंद होते, म्हणजे तुमच्या अहवालातले १ मिनिट २१ सेकंद. अहवाल खोटा नसतो, पण निम्म्याहून अधिक लोक हिशेबातून गेलेले असतात आणि ते कुठे लिहिलेले नसते. म्हणून सरासरीऐवजी ही वेळेच्या गटांची फोडच मागावी. थोडे लोक खूप वेळ थांबतात आणि बहुतेक लगेच जातात, अशा ठिकाणी एकटी सरासरी कोणाचेच वर्णन करत नाही.

स्क्रोलच्या ७२ टक्क्यांना मी याहूनही कमी विश्वास देतो. टक्के कशाचे, हे आधी कळले पाहिजे. बहुतेक वेळा ते संपूर्ण पानाच्या उंचीचे असतात, आणि लेखाखाली 'हेही वाचा'ची यादी, जाहिराती, प्रतिक्रिया असे बरेच काही असते. त्यामुळे लेख पानाच्या ५५ टक्क्यांवरच संपलेला असू शकतो. खाली दुसरी बातमी आपोआप उघडत असेल, तर पानाची उंचीच वाढत जाते आणि टक्केवारीला अर्थ राहत नाही. शिवाय गूगल ॲनालिटिक्स स्वतःहून फक्त ९० टक्क्यांची एकच नोंद करते (`percent_scrolled` मध्ये ९० हाच आकडा दिसतो), तेव्हा 'सरासरी ७२' हा आकडा वेगळी व्यवस्था केल्याशिवाय निघत नाही. ती व्यवस्था कोणती, हे विचाराच. पुढच्या वेळी मात्र टक्के सोडून द्या आणि तुमची लिंक असलेला परिच्छेद वाचकाच्या पडद्यावर आला का, एवढेच मोजायला सांगा. गूगल टॅग मॅनेजरमध्ये त्यासाठी `Element Visibility` नावाचा ट्रिगर तयारच असतो.

वेळ आणि स्क्रोल वेगवेगळे पाहिले, तर दोन्ही फसवतात. अंगठ्याच्या दोन फटकाऱ्यांत पान तळाशी नेणारा माणूस स्क्रोलमध्ये पूर्ण वाचक ठरतो, आणि पान उघडे ठेवून चहा घेणारा माणूस वेळेमध्ये. म्हणून मी दोन्ही अटी एकत्र लावतो: लिंकच्या परिच्छेदापर्यंत पोहोचला आणि किमान १ मिनिट पानावर होता, तोच वाचक. ही १ मिनिटाची मर्यादा लेखाच्या लांबीवरून ठरवावी. कार्यालयातल्या तीनचार जणांना तो मोबाइलवर वाचायला द्या, घड्याळ लावा आणि त्यांना लागलेल्या वेळेचा साधारण तिसरा हिस्सा धरा. इंग्रजीतल्या प्रतिमिनिट शब्दांच्या हिशेबाने मराठी लेखाचा वेळ काढू नये. प्रत्ययांमुळे आपले शब्द लांब असतात आणि तो हिशेब जुळत नाही.

वरच्या उदाहरणात असे वाचक ५४० निघाले असे धरू. आता ९ क्लिक ४,२०० पैकी नसून मुख्यतः या ५४० पैकी आहेत, म्हणजे सुमारे १.७ टक्के. अनिश्चितता धरली, तर ०.७ ते ३.१ टक्के. आकडा अजूनही ढोबळ आहे, पण तो आता योग्य प्रश्नाचे उत्तर देतो: लिंक ज्यांनी खरोखर पाहिली, त्यांतल्या किती जणांनी ती दाबली.

यानंतर वाचक कुठून आले, ही फोड करा. माझ्या अनुभवात खरा उलगडा इथेच होतो. समजा २,९०० व्ह्यू फेसबुकवर पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टमधून आले आणि १,३०० संकेतस्थळाचे मुखपृष्ठ, नोटिफिकेशन आणि गूगल शोध यांतून आले. पहिल्यांतून १३० वाचक मिळाले, म्हणजे साडेचार टक्के. दुसऱ्यांतून ४१०, म्हणजे साडेएकतीस टक्के. ही वाचकसंख्या ९ क्लिकसारखी लहान नाही आणि फरक सात पटींचा आहे, त्यामुळे तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. लेख वाचनीय आहे. व्ह्यूची हमी पूर्ण करण्यासाठी आणलेली गर्दी तुमच्या विषयाची नव्हती. ९ क्लिककडे पाहत बसलात, तर तुम्ही मथळा आणि मजकूर बदलाल, आणि बिघाड मात्र पैसे जिथे खर्च झाले तिथेच राहील.

साडेएकतीस टक्के चांगले की वाईट, हे ठरवायला बाहेरचा कोणताही सर्वसाधारण मापदंड वापरू नका. त्याच संकेतस्थळाची शेतीविषयक, साधारण तेवढ्याच लांबीची, बिगरप्रायोजित बातमी घ्या आणि मुखपृष्ठ, नोटिफिकेशन आणि गूगल शोध यांतून आलेल्यांपैकी किती जण तिच्या तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचले आणि किमान १ मिनिट थांबले, ते मागा. तिथे ३५ टक्के असतील, तर 'प्रायोजित' अशी खूण असूनही तुमचा लेख उत्तम वाचला गेला. तिथे ६० टक्के असतील, तर सुरुवातीचे दोन परिच्छेद तपासा. बहुधा तिथे शेतकऱ्याच्या प्रश्नाआधी कंपनीचा परिचय आलेला असतो.

या सगळ्यातून लेख वाचला गेला का, एवढेच कळते. संच विकला गेला का, हे कळत नाही. ठिबकचा निर्णय घेणारा शेतकरी लिंक दाबण्यापेक्षा फोन करण्याची शक्यता जास्त असते, आणि लेखातला क्रमांक पाहून हाताने लावलेला फोन कोणत्याही अहवालात उमटत नाही. लेखासाठी वेगळा फोन क्रमांक घ्या, इतर कुठेही तो छापू नका, आणि त्यावर येणाऱ्या फोनची नोंद एका वहीत तारखेसह ठेवा.