कॉलमच्या सळयांना जोड कुठे आणि किती लांबीचा द्यावा?

प्रश्न: नाशिकला तळमजला अधिक एक मजला असं घर बांधतोय. तळमजल्याच्या कॉलमच्या सळया बांधायच्या आहेत. फिटर म्हणतो, "स्लॅबच्या वर दोन फूट सळई सोडू, वरच्या मजल्याचा जोड तिथेच देऊ." हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. लांबी कमी पडते आणि जागाही चुकते.

जोडातली ताकद बाइंडिंग तारेची नसते. तार फक्त सळया जागेवर धरते. एका सळईतला जोर भोवतालच्या काँक्रीटमधून दुसरीत जातो, आणि त्यासाठी दोघी पुरेशी लांबी शेजारी शेजारी असाव्या लागतात. यालाच लॅप म्हणतात. १६ मिमीची Fe 500 सळई आणि M25 काँक्रीट धरलं तर ताणासाठी ही लांबी व्यासाच्या साधारण ४९ पट, म्हणजे ७८० मिमी येते. M20 असेल तर ९०० च्या पुढे जाते. फक्त दाबाचा विचार केला तर ६२० मिमी पुरते. दोन फूट त्याच्या आसपास येतात, म्हणून फिटरला ते योग्य वाटत असावं. पण भूकंपात कॉलम वाकतो आणि त्याच्या एका बाजूच्या सळया ताणात जातात. नाशिक भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या मानकाप्रमाणे ताणाचाच लॅप धरायचा.

आता जागा. कॉलम सगळ्यात जास्त वाकतो तो स्लॅबच्या लगत आणि बीमच्या खाली. मधे वाकण्याचा जोर जवळजवळ नसतो. म्हणून जोड मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच द्यायचा.

समजा कॉलम ३५० बाय ३५० चा आहे, त्यात १६ मिमीच्या आठ सळया आहेत, मजला ३ मीटरचा आणि बीम ४५० मिमीचा. मोकळी उंची २५५० मिमी. तिचा मधला निम्मा भाग स्लॅबपासून ६४० मिमीवर सुरू होतो आणि १९१० वर संपतो. म्हणजे सळई स्लॅबच्या वर किमान ६४० अधिक ७८०, १४२० मिमी सोडावी लागेल. दोन फुटांच्या दुपटीहून जास्त!

शिवाय आठही सळयांना एकाच पातळीवर जोड चालत नाही, निम्म्यांनाच चालतो. उरलेल्या चारांचे जोड वर सरकवायला मधल्या भागात जागा पुरत नाही. तुमचं घर एकमजली वाढीचं असल्याने मी त्या चार सळया फुटिंगपासून गच्चीपर्यंत अखंड नेईन. १२ मीटरच्या सळईत त्या सहज बसतात. उंच सळया डुलतात, म्हणून काँक्रीट भरेपर्यंत त्यांना बांबूचा आधार द्यायचा.

जोडाच्या पूर्ण लांबीत दोन रिंगांमधलं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको. तिथे काँक्रीट सळईच्या बाजूने उभं फुटू पाहतं आणि रिंगा त्याला आवळून धरतात. फिटर बहुधा मधल्या भागात रिंगा विरळ ठेवतो, आणि तुमचा जोड नेमका तिथेच येणार आहे. कॉलमला सेंट्रिंग लागण्याआधी टेप घेऊन ते अंतर स्वतः मोजा. सळईचा व्यास किंवा काँक्रीटचा ग्रेड वेगळा असेल तर माझे आकडे वापरू नका, लॅपची लांबी डिझायनरकडून ड्रॉइंगवर लिहून घ्या.